हिरकणी उतरायला लागली की उतरायला धजली?

रायगडाच्या पायथ्याला हिरकणीवाडी आहे. रोपवे इथूनच वर जातो, त्यामुळे पायऱ्यांचा धसका घेतलेल्या मंडळींना हे नाव पाठ असतं. बाकीच्यांना नाव माहीत असतं ते गोष्टीमुळे. गोष्ट अशी सांगतात की, कोजागिरीच्या दिवशी गडावर दूध घालायला आलेली हिरकणी गवळण वरच अडकली. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, आणि घरात तान्हं बाळ. मग तिनं कड्यावरून खाली जायचं ठरवलं. महाराजांनी पुढे त्या जागी बुरूज बांधून घेतला, तो हिरकणी बुरूज.

गोष्टीतली दोन वाक्यं घेऊ.

हिरकणी कडा उतरायला लागली.
हिरकणी कडा उतरायला धजली.

दोन्हीकडे कर्ता तोच, 'उतरायला' तेच, शेवटी '-ली' तीच. फरक एका शब्दाचा. पण व्याकरणाच्या दृष्टीनं ही दोन वाक्यं जुळी तर नाहीतच, सख्खी बहिणीही नाहीत. पहिल्यात हिरकणी एकच काम करते, उतरण्याचं. दुसऱ्यात ती दोन कामं करते: धजते आणि उतरते. म्हणजे दुसऱ्या वाक्यात खरं तर दोन हिरकण्या आहेत. एक दिसणारी, एक लपलेली.

इंग्रजीच्या अभ्यासकांनी या दोन जातींना रेझिंग आणि कंट्रोल अशी नावं दिली. रेझिंगवाल्या क्रियापदाकडे स्वतःचा कर्ता नसतो. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा ते आतल्या क्रियापदाचा कर्ता उसना घेतं आणि आपल्या दारात मिरवतं. 'लागणे' हे त्यातलं. कंट्रोलवाल्याला स्वतःचा कर्ता लागतोच, कारण धजायला कुणीतरी धजणारं हवं. मग आतल्या 'उतरणे'चा कर्ता कुठे गेला? तो आहे, पण त्याला आवाज नाही. नोम चॉम्स्कींच्या 1981 च्या मांडणीत या मुक्या कर्त्याचं नाव आहे 'प्रो', तेही सगळ्या मोठ्या अक्षरांत लिहायचं.

आता गंमत म्हणजे या मुक्याला बोलतं करायच्या युक्त्या आहेत, आणि त्यातल्या काही मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त चांगल्या चालतात.

उजाडणारा कोण?

इंग्रजीत हवामानाच्या वाक्यांना एक पोकळ कर्ता जोडावा लागतो. मराठीला ती गरजच नाही. आपल्याकडे उजाडतं, उकडतं, अंधारतं, फटफटतं, मळमळतं, गडगडतं. कोण उजाडतं? कुणीच नाही. ही क्रियापदं बिनकर्त्याची सुखात नांदतात.

म्हणून चाचणी सोपी. संशयित क्रियापदाच्या आत 'उजाडणे' घालून बघा.

'उजाडायला लागलं.' रोजचं वाक्य. 'लागणे'ला स्वतःचा कर्ता नको, आतल्याकडेही नाही, कुणाचंच अडलं नाही.

'उजाडायला धजलं.' हे वाक्य ऐकून समोरचा 'कोण?' असं विचारणारच. धजणाऱ्याची जागा रिकामी राहिली आणि वाक्य कोसळलं. हाच निकाल 'उजाडायचं ठरवलं', 'उजाडायला विसरलं', 'उजाडायचं टाळलं' यांचा. सगळी कंट्रोलच्या गोटातली.

इथे एक खबरदारी. पुष्कळ जण या चाचणीला 'पाऊस' वापरतात, आणि फसतात. मराठीतला पाऊस हा फितूर साक्षीदार आहे. वर्तमानपत्रांनी त्याला कधीच माणूस करून टाकलंय: तो दडी मारतो, ओढ देतो, हजेरी लावतो, झोडपून काढतो. त्यामुळे 'पावसानं कोसळायला सुरुवात केली' हे वाक्य सहज खपतं, आणि आपण 'सुरुवात करणे'ला रेझिंग समजून बसतो. 'उजाडणे' घालून पाहिलं की खरं बाहेर येतं. 'उजाडायला सुरुवात केली' कुणी म्हणत नाही, 'उजाडायला सुरुवात झाली' म्हणतात. म्हणजे मराठीनं एकाच क्रियेसाठी दोन साधनं ठेवलीत: कर्ता असेल तर 'करणे', नसेल तर 'होणे'. पावसाला विचारलं असतं तर हे कळलं नसतं.

पोटातले कावळे

वाक्प्रचार हे दुसरं हत्यार. त्यांचा अर्थ शब्दांच्या बेरजेतून येत नाही, सगळे शब्द एकत्र असले तरच येतो. पायऱ्या चढून महादरवाज्यापर्यंत पोचेस्तोवर 'पोटात कावळे ओरडायला लागले' असं कुणी म्हटलं तर भूक लागली हे कळतं. 'लागले' मध्ये घुसलं तरी वाक्प्रचार शाबूत. कावळ्यांना 'लागणे'कडून वेगळं काही काम मिळालेलं नाही, ते अजून 'ओरडणे'चेच आहेत.

आता 'पोटात कावळे ओरडायला धजले' म्हणून बघा. भूक गेली, आणि पोटात खरेखुरे, पिसांचे, शूर कावळे आले. 'धजणे'नं त्यांना हिंमत दाखवायचं काम दिलं, आणि काम करायला खरा कावळा लागतो. 'नाकी नऊ यायला लागले' आणि 'नाकी नऊ यायला धजले' याचंही तसंच. नऊ आकड्याला धाडस कुठलं?

दूध शूर नसतं

तिसरी चाचणी कर्मणी प्रयोगाची. 'गवळणी गडावर दूध विकायला लागल्या' याचं कर्मणी करा: 'गडावर दूध विकलं जायला लागलं.' वाक्य जरा सरकारी झालं, पण बातमी तीच राहिली.

'गवळणी गडावर दूध विकायला धजल्या.' याचं करा: 'गडावर दूध विकलं जायला धजलं.' धाडस गवळणींकडून दुधाकडे गेलं! रेझिंगमध्ये आतलं वाक्य उलटंपालटं केलं तरी अर्थ हलत नाही, कारण वरचं क्रियापद कुणाला ओळखतच नाही. कंट्रोलमध्ये जो पुढे येईल त्याच्या गळ्यात धाडसाची माळ पडते.

'-ला' आला तर येऊ द्या

ही चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण इंग्रजीला ही करताच येत नाही. मराठीत काही क्रियापदांच्या मुख्य माणसाला 'ला' लागतो. मला दिसतं, तुला आवडतं, तिला आठवतं. आता हिरकणी कडा उतरता उतरता निम्म्यावर आली आहे अशी कल्पना करा, आणि खाली वाडी आहे.

'हिरकणीला झोपडी दिसायला लागली.'

वाक्य बारकाईनं बघा. 'लागली' कुणाशी जुळलंय? झोपडीशी. तिथे दिवा असता तर 'दिवा दिसायला लागला', घर असतं तर 'घर दिसायला लागलं'. आणि हिरकणीला 'ला' कुणामुळे लागला? 'दिसणे'मुळे. म्हणजे 'लागणे'नं आतल्या वाक्याचा सगळा संसार जसाच्या तसा उचलला: ज्याला 'ला' होता त्याचा 'ला' राहिला, ज्याच्याशी जुळणी होती त्याच्याशीच जुळणी राहिली. स्वतःची म्हणून एकही अट घातली नाही.

'धजणे'ला हे जमवायला सांगा. 'हिरकणीला झोपडी दिसायला धजली' म्हटलं तर झोपडी धीट झाली. 'हिरकणी झोपडी दिसायला धजली' म्हटलं तर मराठीच उरली नाही. धजणारीला 'ला' नको, दिसणारीला 'ला' हवा, आणि दिसणं हे धजून करायचं कामही नाही. भांडण मिटत नाही.

वीज गेलेली दिसते

इंग्रजी पुस्तकांत रेझिंगचं लाडकं उदाहरण 'वाटणे', 'भासणे' या अर्थाच्या क्रियापदाचं असतं. आपल्याकडे ते काम 'दिसणे' करतं, आणि फार विनोदी पद्धतीनं करतं.

कोकणात पावसाळ्यात रोज संध्याकाळी ऐकू येणारं वाक्य: 'वीज गेलेली दिसते.' वीज गेली आहे, अंधार आहे, काहीही दिसत नाहीये, आणि आपण म्हणतो दिसते! इथे कुणी कशाला बघत नाही. मूळ वाक्य आहे 'वीज गेली असं दिसतं'. तिथे 'दिसतं' नपुंसकलिंगी, कारण जे दिसतं ते सगळं वाक्यच. मग 'वीज' आतून उचलून वर आणली की 'दिसणे' लगेच तिच्याशी जुळतं: वीज गेलेली दिसते, पाऊस थांबलेला दिसतो, पाहुणे आलेले दिसतात. जुळणी पुरती, पण नातं काहीच नाही. पाहुणे 'दिसण्या'साठी दारात असायलाही नकोत. चपलांवरून कळलं तरी पुरे.

एकटीनं

आतापर्यंत लपलेला कर्ता आहे असं आपण गृहीत धरलं. पण तो खरंच आहे, की हा नुसता पंडितांचा खेळ? मराठीत त्याच्या पावलांचे ठसे सापडतात.

'आजोबांनी नातीला एकटीनं गड चढायला सांगितलं.'

एकटं कोण? नात. पण नातीला तर 'ला' आहे. 'एकटीनं' तिला धरून असतं तर 'एकटीला' व्हायला हवं होतं. आणि 'नातीला एकटीला सांगितलं' असं म्हटलंच तर सूर बदलतो: सांगितलं फक्त तिला, बाकीच्यांना नाही. मग ही 'एकटीनं' कुणाच्या अंगावर आहे? 'चढायला'च्या आत बसलेल्या, न बोलणाऱ्या नातीच्या. सांगणं ऐकणारी एक नात आणि चढणारी दुसरी. माणूस तोच, वाक्यातल्या खुर्च्या दोन.

कुणी म्हणेल, 'एकटीनं' हे नुसतं क्रियाविशेषण आहे. असेल, पण ते लिंग बदलतं ना! नातवाला सांगितलं की लगेच 'एकट्यानं' होतं. कुणाचं लिंग घ्यायचं हे ठरवायला कुणीतरी आत लागतं.

आता सांगण्याऐवजी कबूल करू. 'नातीनं आजोबांना एकटीनं गड चढायचं कबूल केलं.' पुन्हा चढणारी नातच, पण या वेळी ती बोलणारी आहे, ऐकणारी नाही. 'सांगणे'मध्ये लपलेला कर्ता ऐकणाऱ्याच्या ताब्यात असतो, 'कबूल करणे'मध्ये बोलणाऱ्याच्या. कंट्रोल हे नाव त्या ताब्यावरूनच आलं.

आणि ताबा कुणाचाच नसेल तर? 'एकट्यानं गड चढणं धोक्याचं.' इथे आत कोण आहे? कुणीही. मराठी अशा वेळी मुकाट्यानं पुल्लिंग लावते, आणि ते वाक्य बायकांनाही लागू आहे असं धरून चालते.

आइसलँडच्या भाषेत हाच प्रकार आणखी उघडपणे घडतो. 'सगळे', 'दोघे' अशा शब्दांवर तिथे लपलेल्या कर्त्याची विभक्ती उमटते. हाल्डोर आउरमान सिगुर्दसन यांनी 1991 मध्ये ते पुरावे मांडले, आणि अदृश्य कर्त्यालाही विभक्ती असते हा मुद्दा नाकारणं लोकांना जड गेलं.

पिशवी कुणाची?

हे जरा भांडणाचं आहे. 'आपला' हा शब्द वाक्याच्या कर्त्याकडे बोट दाखवतो. 'आजीनं नातीला आपली पिशवी दाखवली' यात पिशवी आजीचीच. नातीची असू शकत नाही, कारण नात कर्ता नाही.

आता रोपवेच्या रांगेत आजी उठते आणि 'आजीनं नातीला आपली पिशवी उचलायला सांगितली'. पिशवी कुणाची? आता दोन्ही अर्थ लागतात. आजीची असेल, नातीचीही असेल. नात अजूनही 'ला'चीच आहे, वरकरणी तिची बढती झालेली नाही. तरी 'आपली' तिच्याकडे जाऊ शकतं, कारण 'उचलायला'च्या आत ती कर्ता बनून बसली आहे. दाखवलीच्या वाक्यात आत कुणी नव्हतं, म्हणून अर्थ एकच होता. घरात यावरून वाद झाला तर व्याकरण दोघींच्या बाजूनं आहे.

प्रत्येकाला जिंकायचंय

मुका कर्ता म्हणजे मूळ नामच, फक्त पुन्हा उच्चारलेलं नाही, असं 1960 च्या दशकात धरलं जायचं. पीटर रोझेनबॉम यांच्या 1967 च्या पुस्तकातली पद्धत साधारण अशीच: दुसऱ्यांदा आलेलं नाम खोडायचं. मग कबड्डीचा सामना आला, म्हणजे माझ्या उदाहरणात आला. 'प्रत्येक संघाला जिंकायचंय.' खोडलेलं परत लिहा: प्रत्येक संघाला वाटतं की प्रत्येक संघानं जिंकावं. असा खिलाडूपणा अजून कुठल्या मैदानात दिसलेला नाही. आत 'प्रत्येक संघ' नाही, आत 'तो स्वतः' आहे. खोडाखोडीचा सिद्धांत इथे अडला.

पाणिनीनं या वाटेवर फार आधी पाऊल टाकलं होतं. इच्छेच्या अर्थाच्या धातूंबरोबर 'तुमुन्' प्रत्यय लावायचा तर दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असायला हवा, असं त्यानं अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात सांगून ठेवलंय. कर्ता एकच असण्याचं बंधन हे कंट्रोलचं सार.

एकच 'लागणे', दोन स्वभाव

'लागणे' म्हणजे पक्कं रेझिंग असं म्हणून मोकळं होऊ नका. सक्तीचं 'लागणे' वेगळं वागतं.

'हिरकणीला उतरावं लागलं.' इथे सक्ती हिरकणीवर आहे, तिला 'ला' आहे, आणि 'उतरणे' तो 'ला' देत नाही. म्हणजे हा 'ला' 'लागणे'नं दिला, आणि बरोबर सक्ती सोसायचं कामही दिलं. हा कंट्रोलचा थाट.

पण: 'भात लावायला आधी पाऊस पडावा लागतो.' इथे पावसाला 'ला' नाही, आणि पावसावर कुणी सक्तीही केलेली नाही. नुसती गरज आहे. 'दरवाजे उघडायला आधी उजाडावं लागतं' हेही चालतं, आणि 'उजाडणे' ही आपली कसोटी. म्हणजे हे रेझिंग.

आता 'ला' मुद्दाम घाला: 'पावसाला पडावं लागतं.' बिचारा पाऊस! त्याला नको असताना कुणीतरी ढकललंय असं वाटायला लागतं. एका 'ला'नं क्रियापदाची जात बदलली. डेव्हिड पर्लमटर यांनी 1970 मध्ये इंग्रजीतल्या 'सुरू करणे'बद्दल नेमकं हेच दाखवलं होतं: दिसायला क्रियापद एक, पण ते दोन आहेत. इंग्रजीत हे वाद घालून पटवावं लागतं, मराठीत विभक्तीच सांगून टाकते.

याहून वरचढ गंमत कॉकेशसमध्ये, दागेस्तानातल्या त्सेझ भाषेत आहे. मारिया पोलिन्स्की आणि एरिक पॉट्सडॅम यांनी 2002 मध्ये दाखवलं की तिथे 'सुरू करणे'च्या एका प्रकारात खरा, ऐकू येणारा कर्ता आतल्या वाक्यात बसतो, आणि मुका असतो तो वरचा. आपल्या उलट. याला उलटा कंट्रोल म्हणतात.

हिरकणी सुटली

एसटीच्या निमआराम गाडीचं नावही हिरकणी. त्यामुळे महाडच्या स्टँडवर 'हिरकणी निघायला लागली' हे वाक्य बाईचं की बसचं, सांगता येणार नाही. 'लागणे'ला काय, दोघीही सारख्याच. 'हिरकणी घाटात शिरायला धजेना' म्हटलं की पारडं बाईकडे झुकतं. बसकडे झुकवायचं तर ड्रायव्हरला मध्ये घ्यावं लागेल.

आणि हे कुठे बसवायचं?

सगळ्या चाचण्या पाठ झाल्या असतील तर हे वाक्य घ्या: 'पाऊस थांबायचं नाव घेईना.'

'नाव घेणे' ही माणसाची क्रिया. उखाण्यात घेतात, देवाचं घेतात. तेव्हा हे कंट्रोल असायला हवं. पण पाऊस फितूर साक्षीदार, म्हणून 'उजाडणे' लावून बघू. 'रात्रभर जागलो, पण उजाडायचं नाव घेईना.' बिनतक्रार चाललं! कावळेही लावा: 'पोटातले कावळे गप्प बसायचं नाव घेईनात.' भूक जागच्या जागी आहे. म्हणजे रेझिंग.

मग होकारार्थी करू. 'उजाडायचं नाव घेतंय.' नाही चालत. नकारातच रेझिंग, होकारात काहीच नाही.

आणि भूतकाळ? 'पावसानं थांबायचं नाव घेतलं नाही.' पावसाला 'नं' कुणी दिला? 'थांबणे' तो देत नाही, 'पाऊस थांबला' असंच म्हणतो. 'नं' आला 'घेणे'कडून. वरच्या क्रियापदानं कर्त्याला काम काहीच दिलं नाही, पण विभक्ती मात्र स्वतःची चढवली. 'हिरकणीला झोपडी दिसायला लागली' यातलं 'लागणे' असं काही करत नव्हतं, ते आतलीच विभक्ती ठेवत होतं. म्हणजे उसना कर्ता घेणाऱ्यांतही दोन प्रकार निघाले: मिळाला तसा ठेवणारे, आणि घरी नेऊन कपडे बदलणारे. 'उजाडायचं नाव घेतलं नाही' मध्ये तर कपडे चढवायला कुणी नाहीच, तरी वाक्य चालतं.